बंदिश, स्थायी, अंतरा आणि त्यातून फुटणारी उपज: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ख्याल शिकायला सुरुवात केलेले आणि नुसतं ऐकणारेसुद्धा मला साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून काढतेय. सगळीकडे एकच बंदिश उदाहरणाला घेतलीय, म्हणजे प्रत्येक मुद्दा त्याच ओळींवर बघता येईल.

बंदिश म्हणजे गाण्याची चालच ना? मग वेगळं नाव कशाला?

चाल असतेच, पण भावगीताची चाल म्हणजे पूर्ण गाणं, ते म्हटलं की संपलं. बंदिश अख्खी म्हणायला मध्यलयीत दीड-दोन मिनिटं पुरतात आणि गायक तीच घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसतो, तर उरलेला वेळ तो काय करतो हाच खरा प्रश्न आहे. बंदिशीत शब्द, स्वर आणि ताल एकमेकांना असे बांधलेले असतात की कुठून निघायचं, कुठे टेकायचं आणि परत कुठे यायचं हे ठरून जातं, आणि मधली मोकळी जागा गायकाची, तिथे तो ऐनवेळी जे रचत जातो ती उपज. आपल्याकडे जुनी मंडळी बंदिशीला "चीज" म्हणतात आणि स्थायीला "अस्ताई", तेव्हा "त्यांनी चीज छान मांडली" असं कुणी म्हणालं तर ते बंदिशीबद्दलच बोलतायत.

एखादी बंदिश पूर्ण उलगडून दाखवाल का?

ही मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेली साधी सरावाची बंदिश आहे, राग भूप, तीनताल, मध्यलय. भूपात सा रे ग प ध एवढे पाचच स्वर, वादी ग, संवादी ध, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, सम पहिल्या मात्रेवर, काल (म्हणजे खाली) नवव्या मात्रेवर. बंदिश कालापासून उठते, म्हणून खालची प्रत्येक ओळ नवव्या मात्रेपासून लिहिलीय आणि तिसऱ्या भागाचं पहिलं अक्षर म्हणजे सम. खाली टिंब असलेला ध़ मंद्रातला, वर टिंब असलेले सां, रें, गं तार सप्तकातले.

स्थायी, पहिली ओळ:
प – ध प | ग रे सा रे | ग – ग – | प ग रे सा
साँ ऽ झ भ | ई ऽ घ र | आ ऽ वो ऽ | का ऽ न्हा ऽ

स्थायी, दुसरी ओळ:
सा – ध़ सा | रे – सा रे | ग रे ग – | ध प ग –
बा ऽ ट नि | हा ऽ र त | ज सो दा ऽ | मै ऽ या ऽ

अंतरा, पहिली ओळ:
प ग प ध | सां – सां – | सां ध सां – | रें – सां –
गो ऽ ध न | लौ ऽ टे ऽ | ब न सों ऽ | सा ऽ रे ऽ

अंतरा, दुसरी ओळ:
गं – रें सां | सां – ध प | ध सां ध प | ग रे ग –
सू ऽ नी ग | ली ऽ स ब | मु र ली ऽ | बि ना रे ऽ

अर्थ सोपा आहे. संध्याकाळ झाली, कान्हा घरी ये, यशोदा वाट बघतेय, गुरं रानातून परतली पण मुरलीवाचून गल्ल्या सुन्या आहेत. पुढचं वाचताना हे हाताशी ठेवा आणि शक्य असेल तर एकदा टाळी देत म्हणून बघा, कारण नुसतं वाचून समेचा धक्का कळत नाही.

स्थायी नेमकं काय काम करते?

घर दाखवते. वरच्या स्थायीत सगळ्यात खालचा स्वर मंद्र ध आणि सगळ्यात वरचा मध्य सप्तकातला ध, म्हणजे रागाचा खालचा आणि मधला भाग एवढंच तिचं अंगण. पण तेवढ्या जागेत भूपाची ओळख पूर्ण आलीय. पहिल्या ओळीत "प ध प ग रे सा रे ग" असं उतरून सा-रेवरून पुन्हा ग वर येणं आहे, हे भूपाचं अगदी रोजचं वळण, आणि सम वादी स्वरावर म्हणजे ग वर पडते. दोन्ही ओळींची सम ग वरच आहे. हे मुद्दाम केलंय, कारण पुढची वीस मिनिटं ऐकणाऱ्याचा कान दर खेपेला तिथेच येऊन बसणार आहे.

दुसरी ओळ खाली मंद्र ध ला शिवून वर येते. विद्यार्थी ही ओळ कडवं पुरं करायला म्हणून उरकून टाकतात आणि मग आलापाला बसले की "खाली काय करू" असा प्रश्न पडतो. अहो, "सा – ध़ सा रे" हे बंदिशीनेच सांगून ठेवलंय की!

मुखडा म्हणजे पहिली ओळच का?

नाही, पहिल्या ओळीचा समेपर्यंतचा तुकडा. इथे "साँझ भई घर आ" एवढा, नवव्या मात्रेपासून समेपर्यंत. हाच तुकडा तुम्ही परत परत गाणार, मधे आलाप घ्या, तान घ्या, काहीही घ्या, परत येताना हाच दरवाजा.

तो कुठून उठतो यावर तुम्हाला किती जागा मिळणार हे ठरतं, आणि हे गणित बहुतेकांना कुणी सांगतच नाही. मुखडा नवव्या मात्रेपासून आहे म्हणजे समेपासून आठ मात्रा मोकळ्या. जास्त हव्या असतील तर अख्खं आवर्तन मधे घालायचं, मग आठ अधिक सोळा म्हणजे चोवीस, अजून एक घातलं की चाळीस. आठ, चोवीस, चाळीस, या बंदिशीत तुमच्या उपजेची मापं हीच. बंदिश तेराव्या मात्रेपासून उठणारी असती तर मापं बारा, अठ्ठावीस, चव्वेचाळीस झाली असती आणि समेपासून उठणारी असती तर सरळ सोळाच्या पटीत. म्हणून आठ मात्रांची एका बंदिशीत पाठ केलेली तान दुसरीत नेऊन चिकटवली की ती लोंबते किंवा तोकडी पडते.

अंतरा कधी घ्यायचा आणि कशासाठी?

अंतरा वरचा मजला दाखवतो. तार सा पर्यंत कसं चढायचं, तिथे कसं थांबायचं आणि घरी कसं उतरायचं, ही तिन्ही उत्तरं त्याच्यात असतात. आपल्या अंतऱ्यात चढण "प ग प ध सां" आहे, म्हणजे प वरून सरळ वर न जाता एकदा ग कडे वळून मग वर. मग तार सा वर मुक्काम, दुसऱ्या ओळीत तार ग पर्यंत झेप आणि तिथून उतरत शेवट "ग रे ग" वर, की लगेच प वरून मुखडा उचलता यावा.

आता एक बारीक गोष्ट बघा. दुसऱ्या ओळीत "मु र ली" ची सम ध वर आलीय. भूपाचेच पाच स्वर देसकार रागातही आहेत, पण तिथे वादी ध आहे आणि सगळा जोर वरच्या अंगाला. तुम्ही या समेवर ध धरून बसलात, तिथेच घोळवलात, की ऐकणाऱ्याला देसकार दिसायला लागतो, स्वर एकही चुकलेला नसताना! बंदिशीत म्हणूनच तो ध एकाच मात्रेचा आहे, लगेच सां ला जाऊन "ध प ग रे ग" असा खाली येतो. अंतरा असा रागाला सांभाळतो. वर गेल्यावर राग कुठे घसरू शकतो ते आधी बघून त्याने वाट आखलेली असते.

कधी घ्यायचा म्हणाल तर दोनदा. बंदिश मांडताना सुरुवातीला स्थायीनंतर एकदा म्हणतात (ग्वाल्हेरच्या गायकीत तर स्थायी-अंतरा स्वच्छ पूर्ण म्हणणं हा शिस्तीचा भाग आहे), आणि नंतर आलाप करत करत तार सा गाठला की तेव्हा. दुसऱ्या वेळचा अंतरा जास्त परिणाम करतो, कारण तोवर ऐकणारा तार सा ची वाट बघायला लागलेला असतो.

धृपदात चार भाग असतात म्हणे, मग इथे दोनच का?

हो, धृपदात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार. ख्यालात दोनच राहिले, आणि एक कारण मला पटतं ते असं की संचारी-आभोग जे फिरणं बांधून दाखवतात तेच ख्यालात गायक स्वतः फिरून दाखवतो. बांधलेलं कमी झालं, मोकळं वाढलं.

आलापात काय गायचं ते सुचत नाही. बंदिशीतून आलाप निघतो म्हणजे कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगते.

बंदिशीत तुम्ही कुठे कुठे टेकता त्या जागा आधी शोधा. आपल्याकडे त्या पाच आहेत: समेचा ग, दुसऱ्या ओळीतला मंद्र ध, मुखडा जिथून उठतो तो प, अंतऱ्याचा तार सा आणि झेपेचा तार ग. आलापाचे मुक्कामही हेच, आणि क्रमही साधारण असाच. याला बढत म्हणतात, एकेका स्वराला मध्यभागी ठेवून हळूहळू वर सरकायचं.

पहिली खेप. मुखडा म्हणून समेवर या, "आ" चा ग तसाच धरून ठेवा, घाईने काही करू नका, मग "ग रे ग, सा रे ग" एवढंच, आणि नवव्या मात्रेला मुखडा. आठ मात्रा संपल्या. नवीन स्वर एकही नाही, पण ग मोठा झाला.

दुसरी खेप. आता चोवीस मात्रा घ्या. ग वरून सा कडे उतरा, मंद्र ध ला जा, "सा ध़ सा रे, ध़ सा रे ग" करत पुन्हा ग वर. ही दुसऱ्या ओळीचीच वाट आहे, तिथे ती चार-पाच मात्रांत संपते, इथे तुम्ही तिला पसरलंत.

तिसऱ्या खेपेला प. "ग प, रे ग प, ध प, ग". प मुक्कामाला घेतला की मजा अशी होते की मुखडाच प वरून उठतो, त्यामुळे आलाप कुठे संपला आणि मुखडा कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं, सांधा दिसतच नाही. आमच्या बाई म्हणायच्या, मुखडा आणलाय असं वाटता कामा नये, तो आपणहून आला पाहिजे. त्याची युक्ती एवढीच: आलापाचं शेवटचं वळण मुखड्याच्या पहिल्या स्वराकडे तोंड करून असावं.

मग ध ला नुसता स्पर्श, "ग प ध सां" करत तार सा दाखवून परत, पुढच्या खेपेला तार सा वर नीट मुक्काम, आणि अंतरा. इथे अंतरा आठवून म्हणावा लागत नाही, "प ग प ध सां" तुम्ही आलापात करतच होतात.

बोलआलाप आणि बोलबांट यात काय फरक?

बोलआलाप म्हणजे हाच आलाप नुसत्या आकारात न करता बंदिशीच्या शब्दांत करणं, "आवो" हा शब्द कधी ग वर, कधी प वर, कधी विनवून, कधी जरा रागावून. बोलबांटमध्ये शब्द लयीत वाटायचे असतात, तबल्याशी खेळत. आग्रा घराण्याचे गवई यात फार तयार.

सुरुवातीला एक सोपा प्रयोग करा. समेपासून पहिली ओळ दुगुनीत म्हणा, म्हणजे एका मात्रेत दोन अक्षरं. सोळा मात्रांची ओळ बरोबर आठ मात्रांत संपते आणि नवव्या मात्रेला मूळ लयीतला मुखडा हजर! या खेपेत "आ" पाचव्या मात्रेवर येतो आणि मग पुन्हा खऱ्या समेवर, ते ऐकायला छान लागतं.

जपायचं ते शब्द तोडताना. "आवो कान्हा, घर आवो" चालेल, पण "घ" इकडे आणि "रआवो" तिकडे असं झालं की अर्थ गेला. स्वर बरोबर, मात्रा बरोबर आणि तरी कान टोचतो, तेव्हा बहुतेक वेळा शब्द चुकीच्या जागी तुटलेला असतो.

तान किती लांब घ्यायची?

मापं वर दिलीच आहेत. दुगुनीत आठ मात्रांची ही एक तान बघा, समेपासून:

गरे सारे गप धसां | रेंसां धप गरे सा–

सोळा जागा, शेवटची रिकामी, ती श्वासासाठी, आणि पुढच्या मात्रेला प वरून "साँझ". पहिले पाच स्वर बघा, "ग रे सा रे ग", हे मुखड्याचंच वळण आहे. म्हणून ही तान या बंदिशीची वाटते. अजून एक सोय आहे, सम "आ" या अक्षरावर असल्यामुळे त्याच अक्षरातून आकाराची तान सरळ निघते. सम "की" किंवा "तू" वर असती तर तोंड आधी उघडावं लागलं असतं. बंदिश बांधणारे या गोष्टीचा विचार करतात, मीही ही बांधताना केला.

तान चोवीस मात्रांची करायची तर ही तीनदा म्हणणं हा मार्ग नाही. आधी खालच्या अंगात, मग वर, मग उतार, अशी तिला चढण द्या.

तिहाई बसवायला गणित लागतं का?

थोडं. या बंदिशीत तर ती तयारच मिळते. "घ र आ" हा तुकडा तीन मात्रांचा, स्वर सा रे ग. तो तीनदा म्हटला की नऊ मात्रा होतात. नवव्या मात्रेपासून सुरू करा: पहिला "आ" अकराव्यावर, दुसरा चौदाव्यावर, तिसरा बरोबर समेवर. आणि तिसऱ्या वेळचा "घर आ" तर मूळ बंदिशीतल्याच जागेवर येतो! मधे एकेक मात्रा थांबायचं असेल तर एकूण अकरा होतात, म्हणून सातव्या मात्रेपासून उचला. पण एका बंदिशीत दोन-तीनदा पुरे, दर आवर्तनाला तिहाई आली की समेची ओढ उरत नाही.

मुखड्याची जागा चुकते. काय करू?

बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. तीनतालाचा ठेका ऐका: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिले दोन भाग सारखेच आहेत, त्यामुळे तानेत गुंग झालं की पाचवी मात्रा आपल्याला सम वाटते आणि मुखडा चार मात्रा उशिरा, तेराव्याला उचलला जातो. मग सगळे शब्द चार मात्रांत कोंबले जातात, "साँझ भई" गिळली जाते. माझंही एका घरगुती बैठकीत हेच झालं होतं, समेला पोचले पण "साँझ" कुणाला ऐकूच आली नाही.

उपाय असा, आकडे मोजू नका, डग्गा ऐका. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची घुमार बंद होते. तुमचा मुखडा "झ" पाशी असताना घुमार थांबलेली असली पाहिजे आणि "घर" ला ती भरलेली असली पाहिजे. तसं होत नसेल तर जागा चुकलीय. आणि चुकलीच तर धावून पकडू नका, एक आवर्तन शांतपणे आलाप करा आणि पुढच्या कालाला मुखडा घ्या, ऐकणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखंच वाटतं.

लवकर पोचण्याची चूकही असते. तान सहाव्या मात्रेला संपते आणि गायक दोन मात्रा ग वर नुसता उभा राहतो. एखाद्या वेळी चालतं, पण दर वेळी झालं तर तान पाठ केलीय आणि मोजली नाही हे कळतं.

विलंबितातही हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, माप बदलतं. बडा ख्याल विलंबित एकतालात असेल तर बारा मात्रा, पण अतिविलंबितात एक आवर्तन मिनिटभराचंही होऊ शकतं. तिथे मुखडा अगदी शेवटच्या एक-दोन मात्रांत येतो आणि आधीचं जवळजवळ सगळं आवर्तन मोकळं. गायक दहाव्या मात्रेच्या "तिरकिट" कडे कान ठेवून असतो, तो वाजला की आलाप आवरायचा. तिरकिट चौथ्या मात्रेलाही वाजतो, त्यामुळे नवशिके तिथे फसतात, पण चौथ्यानंतर "तू ना" येतं आणि दहाव्यानंतर "धी ना".

काही मोठे गायक अंतरा म्हणतच नाहीत, ते चूक का?

चूक नाही. किराणा गायकीत स्वराच्या बढतीवर एवढा भर आहे की अंतरा कधी थोडक्यात येतो, कधी येतच नाही, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या विलंबितातही अंतरा बऱ्याचदा नसतो. पण त्यांचा तार सा वर जाण्याचा रस्ता पक्का असतो, अंतऱ्याचं काम त्यांनी आलापात केलेलं असतं. अंतरा पाठ नाही म्हणून सोडला तर ते ऐकताना लगेच कळतं, कारण तार सा वर गायक पोचतो आणि तिथे पुढे काय करायचं ते त्याला माहीत नसतं.

एकच बंदिश दोन गुरूंकडे वेगळी ऐकली. खरी कुठली?

दोन्ही. बंदिशी तोंडी परंपरेतून आल्यात, पाठभेद असणारच. भातखंड्यांनी ठिकठिकाणी फिरून बंदिशी स्वरलिपीत लिहून ठेवल्या म्हणून हजारो वाचल्या, पण कागदावरचं लेखन म्हणजे एका ठिकाणी मिळालेलं एक रूप. मी एवढंच बघते की समेचा स्वर कुठला आणि मुखडा कुठून उठतो. मधलं वळण थोडं बदललं तर बंदिश तीच राहते, समेचा स्वर बदलला तर आलापाचा मुक्काम बदलतो, म्हणून मग दोन पाठांचं मिश्रण करू नका, एक धरा.

याचा रियाज कसा करू?

तबला किंवा ॲपवर तीनताल लावा, मध्यम लय. पहिले दहा मिनिटं फक्त मुखडा म्हणा आणि समेनंतर आठ मात्रा गप्प बसा. हो, गप्प, मनातसुद्धा मोजायचं नाही, फक्त ठेका ऐकायचा आणि कालाला मुखडा उचलायचा. हे पाच-सहा दिवस. मग त्या आठ मात्रांत फक्त ग. मग ग आणि रे. मग दुसऱ्या ओळीची वाट. चोवीस मात्रा गप्प राहून मुखडा बिनचूक यायला लागला की तानेला हात घाला, त्याआधी नको.